फक्त जागा आठवतेय, मालिका कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव आठवत नाही, कलाकार आठवत नाहीत. "एका हॉटेलात घडायची" एवढंच लक्षात आहे. एवढ्यावरून मालिका सापडते का?

बऱ्याचदा सापडते, पण नुसत्या "हॉटेल" या शब्दावर सापडत नाही. हॉटेलात घडणाऱ्या मालिका कितीतरी आहेत. शोधाला खरी मदत होते ती त्या जागेच्या रीतीची. तिथे कायमचं कोण राहतं, येऊन-जाऊन कोण असतं आणि एक भाग किंवा एक सीझन किती काळाचा असतो, हे आठवलं की यादी झपाट्याने आखडते.

लेखक अशी जागा निवडतात तीच मुळी या रीतीसाठी. हॉटेलात रोज नवा पाहुणा आणता येतो. हॉस्पिटलात नवा पेशंट येतो आणि डॉक्टर मात्र तेच राहतात. बोर्डिंग शाळेत आईवडील नसतात, त्यामुळे मुलांना आपले निर्णय आपणच घ्यावे लागतात. बेटावरची बोट बंद पडली की गुन्हेगार, पोलीस आणि साक्षीदार एकाच ठिकाणी अडकतात.

तीन हॉटेलं शेजारी ठेवून बघा. बीबीसीच्या "फॉल्टी टॉवर्स"मध्ये टॉर्की या इंग्लिश समुद्रगावातलं एक छोटं हॉटेल आहे. चिडका मालक, त्याची बायको, कामवाली मुलगी आणि स्पॅनिश वेटर ही माणसं कायमची, पाहुणे बहुतेक एका भागापुरते. "द व्हाइट लोटस"मध्ये याच्या उलट आहे. पाहुण्यांचा एकच कंपू आठवडाभर राहायला येतो आणि अख्खा सीझन त्या एका मुक्कामाचा असतो. शिवाय कुणीतरी मेलं आहे हे पहिल्याच भागात कळतं, कोण मेलं ते शेवटी. तिसरी "द स्वीट लाइफ ऑफ झॅक अँड कोडी". तिच्यात दोन जुळी मुलं हॉटेलातच राहतात, कारण त्यांची आई तिथे गाते. तिन्हीकडे रिसेप्शन आहे, लॉबी आहे, वैतागलेला मॅनेजर किंवा मालक आहे. पण "तिथे घर कुणाचं होतं?" हा एक प्रश्न विचारला की तिन्ही वेगळ्या होतात.

मग आठवणीतून नेमकं काय काढायचं?

आधी कथा आठवायचा हट्ट सोडा. कथा दहा मालिकांत सारखी असते. त्याऐवजी वारंवार दिसलेला एक कोपरा डोळ्यांसमोर आणा. मालिकेचा सेट बांधताना दोन-चार जागा पक्क्या ठरतात आणि बहुतेक संवाद तिथेच घडतात, कारण दिवे लावलेले असतात आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हे माहीत असतं. लिफ्ट, जिन्याखालची जागा, नर्सचं काउंटर, समुद्राकडे तोंड करून असलेला व्हरांडा, असं काहीतरी मनात ठसलेलं असतंच. तो कोपरा लिहून काढा. तिथे कोण बसायचं, उजेड कुठून यायचा, मागे काय दिसायचं, तेही लिहा.

मग खिडकीबाहेरचं बघा. सतत पाऊस होता का, बर्फ होता का, वरून रेल्वे जात होती का, झाडं होती की नुसतं गवत? हॉस्पिटलच्या आतला भाग कुठलाही असू शकतो. शहर ओळखू यावं म्हणून निर्मात्यांनी मुद्दाम दाखवलेली गोष्ट बाहेर असते.

आणि ती मालिका तुम्ही कधी, कशावर आणि कोणत्या भाषेत बघितली ते टिपा. शाळेतून आल्यावर टीव्हीवर हिंदीत बघितलेली मालिका आणि लॉकडाउनमध्ये मोबाइलवर सबटायटल लावून बघितलेली मालिका यांचा शोध वेगवेगळ्या वाटेने जातो. ही ओळ बरेच जण लिहीत नाहीत आणि नंतर नको त्या दशकात शोधत बसतात.

हॉस्पिटलच्या मालिका तर सगळ्या सारख्याच दिसतात. फरक कसा करायचा?

कॉरिडॉर, स्ट्रेचर, हिरवे-निळे कपडे, बीप करणारी यंत्रं. खरंच सारख्या दिसतात. म्हणून पहिला प्रश्न हा: कॅमेरा हॉस्पिटलच्या कोणत्या विभागात राहतो?

कॅमेरा इमर्जन्सीच्या दारातून बाहेर फारसा जातच नसेल, माणसं सतत धावत असतील आणि बाहेर लोखंडी खांबांवरून लोकल धडधडत जात असेल, तर ती शिकागोतली "ई.आर." असण्याची शक्यता दाट आहे. ती 1994 ते 2009 अशी चालली. इमर्जन्सीच आहे, पण प्रत्येक भाग त्याच एका पाळीतला पुढचा एक तास आहे, सकाळपासून तेच डॉक्टर तेच कपडे घालून थकत चालले आहेत, असं आठवत असेल तर ती 2025 साली आलेली पिट्सबर्गची "द पिट". पहिल्या सीझनमध्ये पंधरा भाग आणि पंधरा तासांची एकच पाळी आहे. वेळेची ही रचना आठवली की बाकी काही आठवायची गरज उरत नाही.

कॅमेरा ऑपरेशन थिएटर आणि त्याच्या वरच्या काचेच्या गॅलरीत असेल, शिकाऊ डॉक्टर तळघरातल्या कॉरिडॉरमध्ये जुन्या स्ट्रेचरवर बसून गप्पा मारत असतील, लिफ्टमध्ये प्रेमप्रकरणं आणि भांडणं होत असतील आणि मधूनमधून बोटी, पाऊस आणि उंच सुईसारखा मनोरा दिसत असेल, तर ते सिअॅटल आणि मालिका "ग्रेज अॅनाटॉमी". तिच्यात कपड्यांचा रंगही उपयोगी पडतो. शिकाऊ आणि निवासी डॉक्टर फिकट निळ्यात असतात, वरिष्ठ गडद निळ्यात.

कॅमेरा ऑपरेशनपेक्षा एका काचेच्या खोलीत जास्त असेल, पांढऱ्या फळ्यावर लक्षणं लिहिली जात असतील, एकच पेशंट भागभर पुरत असेल आणि मुख्य डॉक्टर पांढरा कोट न घालता काठी टेकत चालत असेल, तर ती न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमधली "हाउस", 2004 ते 2012.

एक इशारा. हॉस्पिटलचं नाव आठवलं म्हणजे काम झालं असं समजू नका. "ग्रेज अॅनाटॉमी"तलं हॉस्पिटल सुरुवातीला सिअॅटल ग्रेस होतं. विलीनीकरणानंतर सिअॅटल ग्रेस मर्सी वेस्ट झालं आणि पुढे ग्रे स्लोन मेमोरियल. तीन जण तीन नावं सांगतात आणि तिघंही एकाच मालिकेबद्दल बोलत असतात. याचा एक फायदा मात्र आहे. कोणतं नाव आठवतं यावरून तुम्ही साधारण कोणते सीझन बघितलेत तेही कळतं.

"संजीवनी" नावाचं हॉस्पिटल पक्कं आठवतंय, पण शोधल्यावर दिसणारे डॉक्टर माझ्या आठवणीतले नाहीत. असं कसं?

हा प्रश्न फार येतो, म्हणून सावकाश सोडवू. एकाच हॉस्पिटलच्या नावावर हिंदीत तीन मालिका झाल्या. स्टार प्लसवर 2002 साली "संजीवनी" आली. 2007 मध्ये स्टार वनवर "दिल मिल गये" सुरू झाली आणि ती त्याच संजीवनी हॉस्पिटलात घडत होती. मग 2019 मध्ये पुन्हा स्टार प्लसवर "संजीवनी" याच नावाची नवी मालिका आली. भरीस भर म्हणजे मोहनीश बहल यांचे डॉ. शशांक तिन्हींत आहेत. त्यामुळे "मोहनीश बहल असलेली हॉस्पिटलची मालिका" एवढं सांगितलं तरी उत्तर एक येत नाही.

आता आठवण चाचपू. समजा एका वाचकाने लिहिलंय: "कॉलेजला असताना बघायचो, इंटर्न मुलंमुली, हसतखेळत, लॉकरजवळ चिडवाचिडवी, हिरोईन मध्येच बदलली." इथे प्रत्येक तुकडा तपासायचा. 2002 च्या मालिकेचा रोख गंभीर होता आणि मध्यभागी डॉ. जुही, डॉ. राहुल, डॉ. सिमरन आणि डॉ. ओमी होते. सिमरनच्या भूमिकेत रूपाली गांगुली होत्या, हे प्रेक्षकांना चटकन आठवतं. त्या चेहऱ्याशी आठवण जुळत नसेल तर पहिली मालिका बाजूला ठेवायची. हसतखेळत इंटर्न हा सूर "दिल मिल गये"चा. आणि हिरोईन बदलल्याची खूण तर निर्णायक आहे, कारण डॉ. रिद्धिमाची भूमिका आधी शिल्पा आनंद, मग सुकीर्ती कांडपाल आणि मग जेनिफर विंगेट अशी तिघींनी केली. समोर करणसिंग ग्रोवरचा डॉ. अरमान. उत्तर झालं. तिसरी मालिका काळावरूनच बाद होते, कारण 2019 साली कॉलेजात असलेला माणूस एवढ्यात इतकं विसरत नाही. शिवाय तिच्यात डॉ. ईशानी आणि डॉ. सिड आहेत.

चेहरा बदलला, चॅनेल बदललं, हॉस्पिटल तेच राहिलं. अशा वेळी "नवीन कोण आलं होतं?" हा प्रश्न विचारावा. डॉ. शशांक सगळीकडेच असल्यामुळे ते ओळखीच्या कामाचे नाहीत. दर वेळी नव्याने दाखल झालेली इंटर्नची तुकडी मात्र कामाची आहे.

बाहेरून दिसणारी इमारत मला लख्ख आठवते. ती शोधली तर मालिका सापडेल ना?

सापडू शकते, पण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. इमारतीचा बाहेरचा भाग बहुतेक वेळा एका ठिकाणचा असतो आणि आतला भाग दुसऱ्या ठिकाणी, बऱ्याचदा दुसऱ्याच शहरातल्या स्टुडिओत उभारलेला असतो. "हाउस"मध्ये वरून दिसणारी भव्य जुनी इमारत हॉस्पिटल नाहीच. ती प्रिन्स्टन विद्यापीठातलं फ्रिस्ट कॅम्पस सेंटर आहे, म्हणजे विद्यार्थ्यांची खाण्याबसण्याची जागा. मालिका चित्रित झाली कॅलिफोर्नियात. त्यामुळे "प्रिन्स्टनमधलं कोणतं हॉस्पिटल असं दिसतं?" या वाटेने गेलेला माणूस कुठेच पोचत नाही.

"फॉल्टी टॉवर्स"चंही असंच. गोष्ट टॉर्कीची, पण बाहेरून दिसणारी पांढरी इमारत बकिंगहॅमशायरमधल्या एका कंट्री क्लबची होती. ती 1991 मध्ये जळाली. आज ती बघायला जाता येत नाही. तिच्यापेक्षा चांगली खूण दारातल्या पाटीची आहे. बऱ्याच भागांच्या सुरुवातीला हॉटेलच्या नावातली अक्षरं गळालेली किंवा उलटसुलट केलेली दिसतात. "एक पाटी होती, तिच्यावरची अक्षरं दर वेळी वेगळी असायची" एवढ्या आठवणीवर ही मालिका पक्की ओळखता येते. ती आहेही मोजकीच: 1975 आणि 1979 मध्ये प्रत्येकी सहा भाग.

कधी उलटंही घडतं. "स्क्रब्ज" ही विनोदी मालिका लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या एका बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलात चित्रित झाली. तिथे आत-बाहेर एकच जागा आहे, म्हणून तिचे कॉरिडॉर सेटसारखे मोकळे वाटत नाहीत, छत खाली आल्यासारखं वाटतं. आठवणीत जागा अशी कोंदट आणि जरा जुनाट असेल तर तो खरा पुरावा आहे. तो टाकून देऊ नका.

हॉटेलात राहणारी जुळी मुलं होती, पण हॉटेल मुंबईत होतं. मी दोन मालिका एकत्र करतोय का?

नाही, तुमचं बरोबर आहे. मूळ मालिकेतलं टिप्टन हॉटेल अमेरिकेतल्या बॉस्टनचं, पण डिस्नी चॅनेलने 2012 मध्ये तिची भारतीय आवृत्ती काढली, "द स्वीट लाइफ ऑफ करण अँड कबीर". त्यात मुंबईतलं राजमहाल हॉटेल आहे. मांडणी तीच: जुळे भाऊ, गाणारी आई, शिस्तीचा मॅनेजर, लॉबीतला गोंधळ. जागेची रीत हुबेहूब उचललेली असल्यामुळे रीतीवरून दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. इथे भाषा आणि शहर हेच पुरावे.

अडचण अशी की मूळ मालिकाही आपल्याकडे हिंदीत डब होऊन दिसायची. त्यामुळे "हिंदीत होती" एवढं पुरत नाही. ओठ आणि आवाज जुळत होते का, हे आठवा. मग खाणं आणि सण आठवा. भारतीय आवृत्ती बनवताना सगळ्यात आधी याच गोष्टी बदलतात. आणि "हॉटेल की जहाज?" असा गोंधळ असेल, तर मूळ मालिकेचा पुढचा भाग 2008 पासून एका प्रवासी जहाजावर घडत होता. तीच मुलं, तोच मॅनेजर, जागा फक्त तरंगती झाली. तेव्हा तुमच्या दोन्ही आठवणी खऱ्या असू शकतात.

बोर्डिंग शाळेबद्दल काय बघायचं?

शाळेत गणवेश, वसतिगृह आणि कडक मुख्याध्यापिका सगळीकडे असतात, त्यांना बाजूला ठेवा. ही शाळा कुणासाठी आहे ते बघा. जादुई किंवा विचित्र शक्ती असलेल्या मुलांसाठी असेल आणि दोन मुलींच्या खोलीत एक मोठी गोल खिडकी असेल, अर्धी रंगीबेरंगी आणि अर्धी साधी, तर ती "वेन्सडे"तली नेव्हरमोर. गोष्टीत ती अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आहे. पहिल्या सीझनमध्ये दिसणारा किल्ल्यासारखा वाडा मात्र रोमेनियातल्या बुश्तेनचा कांताकुझिनो राजवाडा. दुसऱ्या सीझनचं चित्रीकरण आयर्लंडमध्ये झालं.

शाळा श्रीमंतांची असेल आणि मुलं मिळून गाण्याचा बँड काढत असतील, तर देश ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ मालिका अर्जेंटिनाची "रेबेल्दे वे". तिच्यावरून मेक्सिकोत 2004 साली "रेबेल्दे" झाली, त्याच वर्षी स्टार वनवर आपली "रीमिक्स" आली आणि 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर मेक्सिकोचीच नवी आवृत्ती आली. लाल कोट आठवत असेल तर मेक्सिको, "मौर्य हाय" आठवत असेल तर "रीमिक्स".

बेटावरची मालिका कशी ओळखायची? समुद्र तर सगळीकडे सारखाच.

समुद्राकडे बघूच नका, बेटावर परका कोण आहे ते बघा. बेटावरच्या मालिकांमध्ये ही गोष्ट सगळ्यात बोलकी असते.

उन्हातल्या कॅरिबियन बेटावर घामाघूम झालेला ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि बाकी पोलीस स्थानिक आहेत? मग ती 2011 पासून चाललेली "डेथ इन पॅरडाइज". तिचा साचा पक्का आहे. सुरुवातीला खून, मग लाकडी व्हरांड्याच्या छोट्या पोलीस ठाण्यात पांढऱ्या फळ्यावर संशयितांची नावं, मग अचानक काहीतरी सुचून गुप्तहेराचे डोळे चमकतात आणि शेवटी सगळ्यांना एका ठिकाणी जमवून उलगडा होतो. तो राहतो समुद्रकिनाऱ्यावरच्या लाकडी घरात आणि सोबतीला हॅरी नावाचा सरडा असतो. गुप्तहेर काही सीझननंतर बदलतो. बेन मिलर गेले, क्रिस मार्शल आले, त्यांच्यानंतर आणखी तिघं. म्हणून चेहऱ्यावर शोधणाऱ्याची फसगत होते आणि "सरडा होता" म्हणणाऱ्याला लगेच उत्तर मिळतं. सेंट मेरी हे बेट नकाशात शोधू नका, ते काल्पनिक आहे. चित्रीकरण ग्वादलूप या फ्रेंच बेटावरच्या देए गावात होतं.

बेट थंड आहे, टेकड्यांवर झाड म्हणून नाही, नुसतं वाऱ्याने झोपलेलं गवत, आणि पोलीस अधिकारी बाहेरचा नसून तिथल्याच मातीतला आहे? ती "शेटलंड". स्कॉटलंडच्या उत्तरेकडची ही बेटं खरी आहेत. तिथे झाडं खरोखरच फार कमी. नायक जिमी पेरेझचं घर लरविक शहरात असं बांधलेलं आहे की त्याच्या भिंतींचा पाया थेट पाण्यात उतरतो. या दगडी घराला लॉडबेरी म्हणतात आणि ते आठवलं की दुसरी शंका घ्यायला नको. डग्लस हेनशॉल यांनी पेरेझची भूमिका सातव्या सीझनपर्यंत केली. मुख्य अधिकारी बाई होती असं आठवत असेल तर तुम्ही 2023 पासूनचे भाग बघितलेत.

आणि बेटावर परके म्हणजे पर्यटक, त्यांना परत जाता येत नाही, पाण्यातून रोग पसरतोय आणि मुख्य भूमीने वाट बंद केली आहे, अशी आठवण असेल तर ती आपली "काला पानी". अंदमान-निकोबारमध्ये घडणारी, 2023 साली नेटफ्लिक्सवर आलेली. गोष्ट 2027 सालातली आहे. अमेय वाघ त्यात पोलीस अधिकारी आहे आणि आशुतोष गोवारीकर उपराज्यपालांच्या भूमिकेत आहेत. आपल्या वाचकांकडून ही दोन नावं बेटाच्याही आधी येतात.

मराठी मालिकांनाही हे लागू होतं का?

होतं, फक्त आपल्याकडे बंदिस्त जागा म्हणजे बहुतेक वेळा घर किंवा वाडा असतो. "रात्रीस खेळ चाले" घ्या. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा नाईकांचा वाडा, मालवणी बोली, अंगण, विहीर आणि आजूबाजूला काळोख. मालिका सगळ्यांना आठवते, पण तिचे तीन भाग आहेत आणि "मी कोणता बघितला?" हा प्रश्न नेहमी येतो. वाडा तोच असल्यामुळे वाड्यावरून उत्तर मिळत नाही. अण्णा नाईक कोणत्या अवस्थेत आहेत त्यावरून मिळतं. अण्णांच्या मृत्यूने सगळं कुटुंब वाड्यावर जमतं तो 2016 चा पहिला भाग. अण्णा जिवंत आणि दरारा गाजवतायत, सोबत शेवंता आहे, तो 2019 चा दुसरा, जो काळाने पहिल्याच्या मागचा आहे. वाडा ओसाड, अण्णा आणि शेवंता दोघंही भुताच्या रूपात, तो 2021 चा तिसरा.

इंटरनेटवर नेमकं काय टाइप करायचं?

"hotel series" असं टाकलंत तर बुकिंगच्या जाहिराती येतील. जागा, शहर आणि रीत तिन्ही एकत्र टाका. इंग्रजी मालिकेसाठी इंग्रजीत टाकलेलं बरं:

```
TV series hospital Seattle interns ferry
TV series Caribbean island British detective lizard
```

विकिपीडियावर मालिकांचे दोन वेगळे वर्ग असतात, हे फार जणांना माहीत नसतं. `Television shows set in Seattle` म्हणजे गोष्ट सिअॅटलमध्ये घडते आणि `Television shows filmed in Los Angeles` म्हणजे चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये झालं. "ग्रेज अॅनाटॉमी" दोन्हींकडे सापडते. तुमच्या आठवणीतलं शहर जवळजवळ नेहमी पहिल्या वर्गातलं असतं, कारण पडद्यावर तेच सांगितलेलं असतं. तेव्हा शोध `set in` पासून सुरू करा. `filmed in`कडे वळायचं ते एखादी इमारत तुम्ही प्रत्यक्ष बघितली असेल आणि "ही तर त्या मालिकेतली" असं वाटलं असेल तेव्हा.

नाव मिळालं. हीच ती, याची खात्री कशी करायची?

पोस्टर बघून हो म्हणू नका. पोस्टरवर चेहरे असतात आणि तुम्हाला चेहरेच आठवत नव्हते. पहिल्या भागाची सुरुवातीची पाच-दहा मिनिटं बघा, कारण नवी जागा प्रेक्षकाला तिथेच फिरून दाखवतात. शोध सुरू करण्याआधी तुम्ही जो कोपरा लिहून ठेवला होता तो त्यात आला पाहिजे. आला नाही तर मधल्या सीझनचा एखादा भाग बघा. मालिका चालली की सेट वाढतो, कधी अख्खा बदलतो.

कोपरा जुळला पण एखादी ठळक गोष्ट अजिबात जुळत नसेल, तर बहुधा दोन मालिका डोक्यात मिसळल्या आहेत. हॉस्पिटलच्या बाबतीत हे सर्रास होतं. "मुंबई डायरीज"बद्दल विचारणारे काही जण दहशतवादी हल्ला आठवतात, काही जण पूर आठवतात आणि दोन वेगळ्या मालिका शोधत राहतात. मालिका एकच आहे, हॉस्पिटलही एकच, बॉम्बे जनरल. 2021 च्या पहिल्या सीझनमध्ये 26/11 ची रात्र आहे आणि 2023 च्या दुसऱ्यात मुंबई बुडवणारा पाऊस. अशा वेळी आठवणीचे दोन तुकडे वेगळे लिहा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घ्या. दोन्ही शोध एकाच नावावर येऊन थांबले तर सीझन वेगळे आहेत, दोन नावांवर थांबले तर मालिका वेगळ्या.